दुसऱ्यांच्या पानावर

माझा धाकटा भाऊ गेला, त्याआधीचं जवळजवळ वर्ष आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या भावजयीने, नागपुरात धंतोलीच्या एका दवाखान्यात आळीपाळीने बसून काढलं. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, एकटी बाई. दुपारची पाळी माझी असायची. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी बसायचे आणि ती घरून डबा घेऊन यायची. बिनतिखटाचा, बिनतेलाचा, त्याला त्या आठवड्यात जे गिळता येईल ते. गडचिरोली, यवतमाळकडून आलेली माणसं व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून बसलेली असत. ती त्या डब्याकडे बघत. बाहेरचं तेलकट खाणं त्यांच्या रोग्यालाही चालत नसे.

तो गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भावजयीचा भाऊ तिच्या माहेराहून, खाप्याहून आला होता. पाहुणे उठल्यावर तो तिला म्हणाला, "चाल न बाई घरी. इथं कोण आहे तुयं आता?"

ती भांडी गोळा करत होती. "उन्हाळा जाऊ दे दादा. दवाखान्यातल्या लोकायले डबे देऊन पाहातो. चालले तं राहीन. नाही चालले तं तुयाच घरी येईन."

मी तिथेच होते. ती गेली असती तर मला अडवण्याचा अधिकार नव्हता. पण माझ्या भावाविषयी ज्या एका माणसाशी काही समजावून न सांगता बोलता येत होतं, ते माणूसही गेलं असतं.

डब्यांसाठी तिने इन्स्टावर खातं उघडलं. बचत गटाच्या बायकांसाठी एक शिकवणी झाली होती, तिथे ती हे शिकली होती. नव्या खात्यावर कितीही चांगले फोटो टाका, ते कोणाला दिसत नाहीत, कारण बघणारं कोणी जोडलेलंच नसतं. म्हणून आधी दुसऱ्यांच्या पोस्टखाली जाऊन लिहायचं. आपला धंदा सांगायचा नाही, नंबर टाकायचा नाही, नुसतं 'छान' म्हणायचं नाही. वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असं काही लिहायचं, आणि पोस्ट नवी असतानाच लिहायचं, म्हणजे ते वरच्या बाजूला राहतं. ज्याला आवडेल तो आपल्या नावावर बोट ठेवून आपल्या पानावर येतो. तिथे आपण काय करतो आणि कुठे देतो ते एका दमात कळलं पाहिजे.

"लिहायचं काम तुमचं, ताई," ती म्हणाली. "मले लिहाले बसवलं तं भाजी लागून जाईन."

सुरुवातीला आम्ही नागपूरच्या खाण्यापिण्याच्या खात्यांवर गेलो. तर्री पोहे, सावजी, गल्लीतली कचोरी. मी प्रत्येक पोस्टखाली लिहिताना इतका वेळ घ्यायचे की पोस्ट जुनी होऊन जायची. एकदा कंटाळून तेच वाक्य बऱ्याच ठिकाणी चिकटवलं, तर खात्याला काही काळ लिहायलाच बंदी आली. भावजय हसली. तो गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती. "शाळेत पोट्ट्यायले नक्कल केली म्हणून उभं केलं असन न तुम्ही? घ्या आता."

हळूहळू माणसं जोडली गेली. पण ती आमच्यासारखीच नवी खाती होती, कोणी केक करणारी, कोणी पापड विकणारी. तीही दुसऱ्यांच्या पानांवर फिरत होती. आम्हीही त्यांना जोडून घ्यावं म्हणून त्यांनी आम्हाला जोडून घेतलं होतं. डबा कोणीच मागितला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेला माणूस कचोरीचे व्हिडिओ बघत नव्हता, एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात यायला उन्हाळ्याचा बराच भाग गेला.

मग मी, आम्ही स्वतः तिथे बसलो होतो तेव्हा फोनवर काय शोधायचो, ते आठवून पाहिलं. तोंड आलेल्या माणसाला काय द्यावं, जेवण कडू का लागतं, हेच शोधायचो. अशा गोष्टी सांगणारं नागपूरच्याच एका आहारतज्ज्ञ बाईंचं खातं सापडलं. फार मोठं नव्हतं, पण खाली प्रश्न विचारणारे लोक खरे होते. कोणाची आई, कोणाचा नवरा.

त्या बाईंनी एका सकाळी तोंडातल्या फोडांवर पोस्ट टाकली होती. मी लिहिलं, "आमच्या घरच्या माणसाला धातूचा चमचा तोंडात सहन होत नसे. आम्ही पेज पूर्ण गार करून कपाने पाजायचो. चमचा सोडल्यावर दोन घोट जास्त जायला लागले."

दुपारी पाहिलं तर बाईंनी ती ओळ सगळ्यांच्या वर लावून ठेवली होती. खाली लोकांनी विचारलं होतं, पेज कशाची, मीठ घालायचं का, किती पातळ. मी उत्तरं दिली. त्याच आठवड्यात पहिला डबा गेला. वर्धेकडच्या एका बाईने नवऱ्यासाठी मागवला होता. भावजयीने तो दोनदा उघडून पाहिला आणि मगच पाठवला.

त्यानंतर रोज सकाळी तेच माझं काम झालं. बाई काय टाकतात ते बघायचं आणि आमच्या वर्षातलं त्याला जुळणारं काय आहे ते काढायचं. फोडणीच्या वासाने त्याला मळमळायचं, म्हणून भावजय स्वयंपाकघराचं दार लावून रांधायची. मोठं ताट पाहिलं की तो तोंड फिरवायचा, म्हणून वाटीत द्यायचो. लोकांना उपयोग होत होता, डबे वाढत होते. पण एकदा लिहून टाकलेली आठवण मला परत तशी येत नसे. दारामागून येणारा तिचा हात आणि खोलीतून त्याचं 'झालं का वं' आठवायला जावं, तर त्याखाली विचारलेले प्रश्न आधी आठवायचे. भावजयीला हे मी सांगितलं नाही. तिला डबे हवे होते.

मग त्या बाईंचाच निरोप आला, आपण मिळून एक व्हिडिओ करू या. त्या आपल्या खात्यावरून टाकतील आणि आम्हाला आमंत्रण पाठवतील. आम्ही ते स्वीकारलं की एकच पोस्ट दोन्ही पानांवर दिसेल, वर दोन्ही नावं, खाली सगळ्यांचं लिहिणं एकत्र. त्यांचे लोक आम्हाला दिसणार होते, आणि त्यांना खरं स्वयंपाकघर मिळणार होतं.

बाई घरी आल्या. फोन एका डब्याला टेकवून उभा केला. भावजय मुगाचं पाणी गाळता गाळता बोलत होती, छान बोलत होती. बाईंनी सहज विचारलं, "शेवटी शेवटी काय खावंसं वाटायचं त्यांना?"

"गोळाभात मागतला होता, वरून गरम तेल टाकून," ती म्हणाली. "डॉक्टरनं तेल बंद सांगतलं होतं. मी म्हटलं, बरे झाले की करून देतो." आणि ती पुन्हा गाळणीकडे बघायला लागली.

टाकण्याआधी बाईंनी व्हिडिओ दाखवला. म्हणाल्या, "तो भाग ठेवू की काढू? तुम्ही सांगाल तसं."

मी भावजयीकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू द्या. खरंच आहे ते." आमंत्रण आलं, ते तिनेच स्वीकारलं.

व्हिडिओ आमच्या कुठल्याही पोस्टपेक्षा लांब गेला. डब्याची चौकशी करणारे निरोप येत राहिले. आणि त्या व्हिडिओखाली दुसरंही येत राहिलं. मरणाऱ्या माणसाला काय तेल नडणार होतं. शेवटची इच्छा होती, द्यायला पाहिजे होतं. माझ्या बाबांना आम्ही सगळं दिलं, ते समाधानाने गेले. यातल्या बऱ्याच जणांना वाईट बोलायचंही नव्हतं. ओळीच्या शेवटी हात जोडल्याचं चिन्ह असायचं.

बाईंना कळवलं, तर त्यांनी ताबडतोब काही ओळी पुसल्या. दुसऱ्या दिवशी तशाच नव्या आल्या.

मी घरी नसताना भावजयीने त्या सगळ्या वाचल्या होत्या. मी आले तेव्हा ती कांदे चिरायचे सोडून बसली होती.

"काहून वाचत बसली वं ते?" मी म्हटलं.

"माह्याच पानावर आहे न ताई. मी नाही वाचीन तं कोण वाचीन?"

मी तिला जे करता येत होतं ते सांगितलं. पोस्ट बाईंची आहे, आपण फक्त आपल्या पानावरून ती काढू शकतो. मग त्यांच्या पानावर ती राहील, पण वर आपलं नाव राहणार नाही. किंवा बाईंना ती पुसायलाच सांगू. त्या भल्या आहेत, पुसतील. पण मग लोकांनी विचारलेलं, त्यांना दिलेली उत्तरं, सगळंच जाईल.

"नाव नाही राहिलं तं व्हिडिओ पाहून लोकं आपल्याकडं येतीन कसे?"

"नाही येणार."

"म्हणजे डबे पाहिजे असन तं ते वाचाच लागते."

ती कांद्याकडे वळली. मग तिने मान वर न करता विचारलं, "तुमाले काय वाटते? द्याले पाहिजे होता का मी?"

वर्षभर मी तिच्या शेजारी बसले होते. डॉक्टरांचं सांगणं दोघींनी ऐकलं होतं. तरीही मी लगेच 'नाही' म्हणू शकले नाही. तेवढा क्षण तिने पाहिला. नंतर मी जे काही बोलले, ते त्या क्षणाच्या नंतरचं होतं.

व्हिडिओ तिने राहू दिला, नावासकट. पाऊस सुरू झाल्यावर खाप्याहून तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा ती शेगडीसमोर उभी होती. "नाही येत दादा," ती म्हणाली. "डबे चालून राहिले." तिकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. ती 'हो', 'हो' म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

ती राहिली म्हणून मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. पण आता आम्ही त्याच्याविषयी बोलत नाही. आधी तेवढं एक आमच्याकडे होतं. सकाळी मी त्या बाईंचं पान उघडते आणि तिला विचारते, आज काय लिहू. पूर्वी विचारत नव्हते. परवा झोप न लागणाऱ्या रोग्यांवर पोस्ट होती. मी म्हटलं, तो झोपावा म्हणून तू त्याच्या पायाशी बसून जे म्हणायचीस ते लिहू का, लोकांना उपयोग होईल.

तिने डब्याचं झाकण दाबून लावलं.

"ते नका लिहू," ती म्हणाली. "कोमट दुधाचं लिहा."

मी कोमट दुधाचं लिहिलं. त्या पोस्टखाली आधीच पुष्कळांनी दुधाचं लिहिलेलं होतं, आमचं कुठेतरी खाली राहिलं.