बोट बंदरात का येईना

आमच्या पालघरच्या डिप्लोमा कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय नवा आला, तेव्हा तो मला मिळावा असं मला फार वाटत होतं. वीस वर्षं पहिल्या वर्षाला तेच ते संगणकाचे भाग शिकवून माझाच एक भाग गंजला होता. विभागप्रमुख म्हणाले, शुक्रवारी एक तास घेऊन दाखवा, मग ठरवू. दुसरा उमेदवार माझ्याच हाताखाली शिकलेला एक तरुण प्राध्यापक होता.

बक्षिसातून शिकणं समजवायला मी एक खेळ केला. पाच बाय पाच घरांचा समुद्र, एका कोपऱ्यात बोट, समोरच्या कोपऱ्यात बंदर, मध्ये तीन खडक. बंदर गाठलं की दहा गुण, खडकावर आपटलं की उणे दहा, दोन्हीकडे डाव संपला, नाहीतर दोनशे चालींनी. बोटीला वाट कुणी सांगायची नाही. तिने चाल करायची, गुण मिळतील ते घ्यायचे, आणि कुठल्या घरातून कुठल्या दिशेला जाणं किती फायद्याचं, ते एका तक्त्यात टिपत जायचं. पंचवीस घरं, चार दिशा, शंभर आकडे. सुरुवातीला सगळे शून्य.

सोमवारी बोट नुसती उनाडत होती. मी वैतागलो. सोफ्यावर लोळणाऱ्या पोराकडे बघून बाप वैतागतो, तसाच. तिचं चाचपडणं, म्हणजे मधूनच कुठलीही चाल करून बघणं, मी पार बंद केलं. तक्त्यात जे सर्वात चांगलं दिसेल तेच कर, असा हुकूम. तक्त्यात सगळे शून्य, मग सारख्यांतली पहिली दिशा कुठली? वर. बोट वरच्या काठाला डोकं लावून तशीच उभी राहिली. जिने काही करूनच बघितलं नाही, तिला चांगलं काय ते कळणार कुठून? हे वाक्य मी वर्गात बोलायला वहीत लिहून ठेवलं होतं. स्वतःला सांगायचं राहिलं.

मंगळवारी थोडं चाचपडणं परत दिलं, आणि तिला हुरूप यावा म्हणून वाटेवरच्या एका घरात मासळी ठेवली. तिथे शिरलं की एक गुण, दर वेळी. बोट खूश झाली. मासळीच्या घरात जायची, बाहेर यायची, परत आत. बंदराकडे ढुंकून बघेना. मी हजार डाव खेळवले, दोन हजार खेळवले, फिरण्यात ती फक्त तरबेज होत गेली. घरी जेवताना चिडचिड केली तेव्हा बायको म्हणाली, "पानामागे एक बिस्कीट कबूल करून पोरीला शुद्धलेखनाला बसवलं होतंत ना तुम्ही? एका पानावर चार शब्द लिहायची ती."

बुधवारी प्रयोगशाळेत सातपाटीची एक विद्यार्थिनी माझ्या मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. तिच्या घरची मासेमारीची बोट आहे.

"सर, ती बरोबर करते हाय," ती म्हणाली. "दोनशे चालींचा डाव. दोन चालींना एक, म्हंजे शंभर मिळतात. बंदरात गेली तर दहाच, वर खेळ बंद. मी पण नसती गेली."

मी वहीत हिशेब करून बघितला. शंभरच.

"आमच्याकडं जाळ्यातलं मावरं कोणी मोजत नाय, सर. बंदरात उतरलं की मोजतात."

मावरं म्हणजे मासळी. बाकीचं मला समजवायची गरज नव्हती, तरी तिने समजावलं. आम्ही मासळीचं बक्षीस काढलं, डिझेल म्हणून दर चालीला उणे एक ठेवलं, आणि आधी भरपूर चाचपडायचं, मग हळूहळू कमी, असं लावलं. गुरुवारी बोट आठ चालींत सरळ बंदरात आली. मुलगी म्हणाली, उद्या हाच शिकलेला तक्ता दाखवा. मी म्हटलं छे, कोऱ्या तक्त्यापासून दाखवणार, तेही सावकाश, ढ कसा शिकतो ते पोरांना दिसलं पाहिजे.

शुक्रवारी विभागप्रमुख पहिल्या बाकावर बसले. बोट खडकावर. पुन्हा खडकावर. मग काठाला. एका डावाला दहा-दहा सेकंद. मी प्रत्येक आपटण्याचं मोल उत्साहाने सांगत होतो. दहा मिनिटांनी साहेब उठले, "तुमचा प्रोग्रॅम अजून चुकतोय, दुरुस्त करून ठेवा" म्हणाले आणि गेले. चुकतोय म्हणूनच शिकतोय, हे मी त्यांच्या पाठीला सांगितलं.

त्या मुलीने न विचारता कीबोर्ड ओढला, सावकाश दाखवणं बंद केलं. पुढचे पाचशे डाव पापणी लवायच्या आत झाले. मग तिने चाचपडणं शून्यावर आणलं आणि बोट सोडली. आठ पावलं, बंदर. पोरांनी बाकं वाजवली. दाराबाहेर साहेब फोनवर बोलत होते, आत बघितलंही नाही.

विषय त्या तरुण प्राध्यापकाला मिळाला. त्याने रंगीत स्लाइड्स दाखवल्या होत्या, त्यात काहीच कशावर आपटत नव्हतं. मला त्याच विषयाची प्रात्यक्षिकं दिली आहेत. परवा तो माझ्याकडे आला आणि विचारत होता, सर, माझी बोट वरच्या काठालाच का चिकटते?

मी म्हटलं, बस इथे, करून बघ. आणि अर्धा तास सांगितलंच नाही.