ओके ताई, नोंद घेतली

सोलापुरात आमच्या कारखान्यात फोटोवरून माणसांची चित्रं विणतात, भिंतीवर लावायची. ग्राहक फोटो पाठवतो, डिझायनर संगणकावर नक्षी बसवतो, ती ग्राहकाला दाखवायची, होकार आला की माग सुरू. सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर, आणि ते काम माझं.

माझा हिशेब सरळ होता. नमस्कार, कामाचं एक वाक्य, हात जोडलेलं चिन्ह. डिझायनर चिडवायचा, "शेठ, गप्पा मारताय का तार पाठवताय?"

सांगोल्याकडच्या एका बाईंनी वारलेल्या वडिलांचं चित्र सांगितलं. वर्षश्राद्धाला आईसमोर ठेवायचं होतं. दोन फोटो धाडले. त्यातला ठळक, चष्म्याचा, आम्ही घेतला आणि नक्षी दाखवली. उत्तर आलं, "छान झालंय भाऊ." पाठोपाठ साडेतीन मिनिटांचा आवाजी मेसेज.

मी वीसेक सेकंद ऐकला. वडिलांच्या आठवणी, आईचं रडणं. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं, हे मला या वयातही कळत नाही. मेसेज बंद केला, लिहिलं, "ओके ताई, नोंद घेतली 🙏", आणि माग लावायला सांगितलं.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी चित्र त्यांना पोचलं. लगेच मेसेज: "भाऊ, चष्मा तसाच हाय की."

तेव्हा मी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणत होत्या, "आई म्हणती, चष्म्यावर उजेड पडलाय, त्येंचं डोळंच दिसत न्हाईत. दुसऱ्या फोटोतलं डोळं घ्या. तेवढं कराच भाऊ, तिला डोळं बगायचेत."

विणलेल्यातून चष्मा काढता येत नाही. नवी नक्षी, नवा तुकडा, आणि श्राद्ध उद्यावर. खरं सांगणं तेवढं हातात होतं. ते सोडून मी लिहिलं, "ताई, आपल्या होकारानंतरच काम लावले होते. तरी दुसरे विणून देऊ 🙏" त्यात खोटा शब्द एकही नव्हता. थोडक्यात, आणि अदबीनं.

उत्तर आलं, "व्हय भाऊ, माजीच चूक. लई बोलत बसले. नीट सांगाया पायजे हुतं. दुसरं नको आता, उद्याच लागणार हुतं."

चूक त्यांनी घेतली आणि मी घेऊ दिली.

'ताई, काही बदल असेल तर तेवढा दोन ओळींत लिहून पाठवाल का?' एवढं विचारलं असतं तर त्यांनाही वाईट वाटलं नसतं, माझाही वेळ गेला नसता. आता मी प्रत्येकाला विचारतो. त्यांना विचारलं नाही.

कैक महिन्यांनी मी त्यांना लिहिलं, "ताई, तुमचा मेसेज मी पूर्ण ऐकलाच नव्हता. चूक माझी होती." दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. आईंनी ते चित्र भिंतीवर लावलं की घडी घालून ठेवून दिलं, हे विचारावंसं फार वाटतं. पण कुठल्या तोंडानं विचारू?