राणीच्या नोंदीतला चौथा परिच्छेद

चरित्रकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पणकाका म्हणत. समोर म्हणत आणि त्यांनाही ते चाले, किंबहुना आवडे. राजा असो, सुधारक असो, त्यांच्या हातून लिहिलेल्या नोंदीत कौतुकाच्या दोन परिच्छेदांनंतर एक 'पण' हटकून यायचा. नव्याने लागलेल्या मुलींना ते सांगत, "माणूस मोठा होता हे लिहायला अक्कल लागत नाही. तो कुठे कमी पडला ते लिही. आणि ते लिहिण्याआधी तीन गोष्टी विचार. सत्ता खरोखर त्याच्या हातात होती का? त्याला काय माहीत होतं? आणि त्या काळात दुसरं काही करता आलं असतं का?"

मुली हे वहीत उतरवून घेत. गंमत अशी की या तीन प्रश्नांवर ज्याचं आयुष्य गेलं, तोच माणूस एकदा ते विचारायला विसरला.

नोंद होती राणीची. मुलींसाठी पहिली शाळा काढणारी, बाळंतिणींसाठी दवाखाना उघडणारी, विधवांना हक्क देणारी राणी. आजवर तिच्यावर जे छापून आलं होतं ते सगळं आरती ओवाळल्यासारखं. तिच्या चिटणिसाने लिहिलेलं चरित्र वाचताना तर पणकाकांना गोड खाऊन घसा बसल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांच्या हाती राणीच्या एका विरोधकाचं जुनं पत्रक लागलं. दुष्काळात माणसं मरत असताना राणीने कोठारातलं धान्य राज्याबाहेर विकलं, असं त्यात होतं. विक्रीचा हुकूमही दप्तरात सापडला, राणीच्या नावाचा, राणीच्या शिक्क्याचा. पणकाकांना दुसरं काय हवं होतं? चौथा परिच्छेद एका बैठकीत लिहून झाला. 'प्रजेच्या ताटातला घास काढून खजिना भरणारी' असे शब्द त्यात होते, आणि लिहिताना ते स्वतःवरच खूश झाले होते.

खंड छापून आला. वर्तमानपत्राने नेमका तोच परिच्छेद उचलला आणि पणकाकांना निर्भीड म्हटलं. ते कात्रण काही दिवस त्यांच्या खिशात होतं.

राणीने काढलेली शाळा अजून चालू होती. पणकाकांची थोरली बहीण, ताई, तिथेच शिकवून निवृत्त झालेली. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं होतं. बातमीनंतर शाळेच्या समितीने सभागृहातलं राणीचं चित्र उतरवून कपाटामागे ठेवलं, हे ताईला कळलं आणि ती खंड मागायला भावाकडे आली. पुतण्याच्या साखरपुड्याची बोलणी चालली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. ताईने कोपऱ्यात बसून नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढत शांतपणे विचारलं, "दुष्काळ पडला तेव्हा ती किती वर्षांची होती रे?"

पणकाकांना वाटलं, झालं, आता भक्ती सुरू. सगळ्यांच्या देखत ते हसून म्हणाले, "ताई, तू खाल्ल्या मिठाला जागतेस. तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची?"

पाहुणेही हसले. ताई हसली नाही. तिने खंड मिटून त्यांच्या हातात दिला, चहाचा कप उचलून आत ठेवला आणि कुणालाही न सांगता घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी सहज म्हणून नोंद उघडली. ताईला खोटं पाडायचं, एवढाच हेतू. पहिल्या ओळीत राणीचं जन्मसाल होतं. चौथ्या परिच्छेदात दुष्काळाचं. दोन्ही त्यांनीच लिहिलेली. वजाबाकी करायला बोटांची पेरंही पुरली असती. राणी तेव्हा अकरा वर्षांची होती.

पुढचं सगळं आपोआप उलगडत गेलं. लग्न लहानपणी, नवरा लगेच वारलेला, म्हणून गादी तिच्या नावाची. पण कारभार पाहणारं मंडळ वेगळं, आणि हुकूम निघत ते तिच्या नावाने. शिक्का तिचा, खाली सही मंडळाच्या प्रमुखाची. ती सही त्यांनी तेव्हाही पाहिली होती. पुढे सज्ञान होऊन कारभार हाती आल्यावर राणीने सर्वांत आधी गावोगाव धान्याची कोठारं बांधली, हे तर त्यांच्याच दुसऱ्या परिच्छेदात होतं. एका मुलीच्या माथी त्यांनी दुष्काळातली मढी मारली होती, आणि का, तर एक जोरकस 'पण' हवा होता म्हणून. चिटणीस कुणाला खूश करायला लिहीत होता हे त्यांनी बरोबर ओळखलं. विरोधक कुणाला खूश करायला लिहीत होता हे विचारलंच नाही. आणि आपण?

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, बरं नाही का?" त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

त्यांनी दप्तरातले राणीच्या स्वतःच्या कारभारातले कागद पुन्हा बाहेर काढले. त्यात शाळेचे अर्ज होते. चामड्याचं काम करणाऱ्यांच्या वस्तीने आपल्या मुलींनाही शाळेत घ्यावं म्हणून वारंवार अर्ज केले होते. प्रत्येक अर्जावर राणीच्या हातचा एकच शेरा, 'सध्या नको'. शेजारच्या संस्थानात अशा मुली शाळेत बसत होत्या, हे तिला ठाऊक होतं. तिच्याच पत्रात तसा उल्लेख होता. सत्ता हातात, माहिती हातात, दुसरी वाट डोळ्यांसमोर. खरी चूक ही होती. पणकाकांनी हे अर्ज आधी वाचले होते आणि किरकोळ म्हणून बाजूला सारले होते. त्यात धान्याच्या गाड्या नव्हत्या, मढी नव्हती.

संपादक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, एवढा गाजावाजा कशाला. पणकाका खालमानेने उभे राहिले, पण हलले नाहीत. शेवटी शिल्लक प्रतींना शुद्धिपत्र लागलं आणि त्यावर 'चूक नोंदलेखकाची' असं त्यांच्या हट्टापायी छापलं गेलं. वर्तमानपत्राने ते आतल्या पानावर तळाशी टाकलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेला ते स्वतः जाऊन भेटले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या लिहिण्यावर आम्ही विश्वास टाकला. आता समितीपुढे मी कुठल्या तोंडाने जाऊ?" चित्राचं समिती काय ठरवेल, हेही तिला सांगता येईना.

ताईकडे जायला त्यांना सगळ्यात उशीर झाला. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. त्यांनी पिळे उचलून द्यायला सुरुवात केली.

"ताई, तुझं बरोबर होतं. आणि चारचौघांत मी जे बोललो..."

"चारचौघांत बोललास, आणि माफी गच्चीवर मागतोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. त्याच रविवारी त्यांनी भावकीला जेवायला बोलावलं आणि सगळ्यांसमोर ते वाक्य मागे घेतलं. कुणाला फारसं आठवतही नव्हतं. ताईला आठवत होतं.

जेवणं झाल्यावर तिने चौथ्याच्या जागी लिहिलेला नवा परिच्छेद मागितला. कोठारांचं वाचताना मान डोलावली. अर्जांपाशी येऊन थांबली.

"हे खरं?"

"तिच्या हातचं आहे. मी सालं तपासली. या वेळी सगळी."

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "दर वर्षी पहिल्या दिवशी मी मुलींना सांगायचे, ही शाळा पहिल्यापासून सगळ्यांना उघडी होती. त्यात त्या वस्तीतल्या मुलीही असायच्या रे. एक तर नेहमी खाली बघायची. मला वाटायचं, लाजाळू आहे."

पणकाकांना तिची समजूत घालता आली असती. तुला काय माहीत होतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. ते म्हणाले नाहीत. ताईने कागद तसाच मांडीवर ठेवला, आणि दोघं भावंडं एकमेकांकडे न बघता बसून राहिली.