कढीपत्त्याची उंची, मातीपासून शेंड्यापर्यंत

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या गच्चीवर मी आणि माझी जाऊ रोपं तयार करून ऑनलाइन विकतो. रोपं ती वाढवते. वर्णन लिहायचं काम माझं, आणि शिव्या खायचंही.

मार्चमध्ये लक्ष्मीबाई नगरातून एका गृहस्थांचा फोन आला. मूळचे अमरावतीचे.

"ताई, फोटोत झाड केवढं मोठं होतं! हे तर वीतभर आहे. आणि मेलंयसुद्धा."

"उंची लिहिली होती ना? सहा ते आठ इंच, मातीपासून शेंड्यापर्यंत. फोटोखालीही लिहिलंय, हे पूर्ण वाढलेलं झाड आहे म्हणून."

"इतकं कोण वाचतं?"

मी कपाळाला हात लावला. दुसरं रोप पाठवायचं, तर तेही मरणार. शेवटी वैतागून मेट्रो पकडली आणि स्वतःच त्यांच्या घरी गेले.

खोक्याबद्दल तक्रार नव्हती. छोटी कुंडी चिकटपट्टीने तळाला घट्ट बसलेली, ओलसर मातीवर प्लास्टिक बांधलेलं, खोडाला काडीचा आधार, बाजूंना हवेसाठी भोकं. रोप धडधाकट पोचलं होतं. खरा घोळ त्यानंतर झाला होता. त्यांच्या आईंनी त्याच दिवशी ते उपटून, मुळांची माती धुऊन, मोठ्या कुंडीत शेणखत भरून लावलं होतं आणि भर उन्हात ठेवलं होतं. पानं सगळी गळलेली.

"अहो, चार-पाच दिवस सावलीत ठेवा, दोन आठवडे कुंडी बदलू नका, खत नको, सगळं लिहिलं होतं हो!" माझा आवाज चढलाच.

"कुठं लिहिलं होतं बाई?" आई म्हणाल्या. "खोक्यात तर काहीच नव्हतं."

वर्णन होतं मुलाच्या मोबाइलवर, तेही इंग्रजीत. मुलगा ऑफिसात. खोकं उघडलं आईंनी. राग कुणावर काढावा तेच कळेना.

मी नखाने खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं.

"जिवंत आहे. सावलीत ठेवा, वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको."

"आधी सांगितलं असतं तर?" म्हणत त्यांनी चहा पुढे केला. मी तो पिऊन निघाले.

घरी येऊन जावेला म्हटलं, "यापुढे खोक्यात चिठ्ठी. मराठीत आणि हिंदीत. मोठ्या अक्षरात." फोटोही बदलला. आता रोपाशेजारी मोजपट्टी उभी असते.

महिन्याभराने आईंचा फोन आला, कोंब फुटले होते. मला बरं वाटतंय तोवर गुरुग्रामहून एका बाईंचा मेसेज आला, "रोप छान आहे, पण त्याच्यासोबत पट्टी नाही आली."