सावडीचे चार दिवस

लोणावळ्याच्या धरणकचेरीत मी अकरा महिन्यांच्या करारावर ट्रेसर होतो. साहेबाचे नकाशे कापडावर शाईने उतरवायचे, एवढंच काम. करारात पगारी रजा नव्हती आणि लेखी परवानगीशिवाय तीन दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं की नोकरी गेली. हेडक्लार्क मात्र कायम होता. दरवर्षी गणपतीला पगारी रजेवर गावी जायचा.

आषाढात भाजे गावाहून आई आली. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. तुम्ही त्यांच्या खाचरात, ते तुमच्या.

"दोन वरसं आपलं मानूस गेलं न्हाई," ती म्हणाली. "औंदा चुकलं तर आपल्या खाचरात कुनी पाय ठेवायचं न्हाई."

मी हेडक्लार्ककडे चार दिवस मागितले, बिनपगारी. "जा की, कोण अडवतंय!" तो हसला. आदल्या वर्षी एक फिटर याच तोंडी शब्दावर गेला होता आणि परत आल्यावर त्याला दारातूनच घालवलं होतं. म्हणून मी कार्बन घालून अर्ज लिहिला आणि आवक वहीत नोंद करवून घेतली. आता उत्तर देणं त्याला भाग होतं. त्याने शेरा मारला, "दोन दिवस मंजूर." मी तसाच दुसरा अर्ज दिला: शुक्रवार ते सोमवार, बिनपगारी, रविवारचाही पगार नको, हातातले तीन नकाशे गुरुवारी पुरे करून देतो. तो दात-ओठ खात होता, पण नकाशे साहेबाला हवे होते. "मंजूर, विनावेतन" असं लिहून त्याने दोन्ही प्रतींवर सही केली. एक फायलीत गेली, एक माझ्या कोटात.

चार दिवस मी चिखलात वाकलो. मंगळवारी कचेरीत आलो तर माझ्या स्टुलावर हेडक्लार्कचा मेव्हणा. हजेरीपटात माझ्या नावापुढे "विनापरवानगी गैरहजर" असं चार वेळा. फायलीतली प्रत गायब. ती काढताना मी माझी प्रत जपून ठेवली असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. आजवर कुणी ठेवली नव्हती.

मी सरळ साहेबाच्या खोलीत शिरलो आणि कागद टेबलावर ठेवला. साहेबाने सही पाहिली, आवक वही मागवली, मग हेडक्लार्कला बोलावलं. तो माझ्याकडे बघत होता. चूक झाली असेल, मी सांभाळून घ्यावं, अशी ती नजर. साहेबानेही विचारलं, नजरचुकीने झालं असेल का?

"नाही साहेब," मी म्हणालो. "फायलीतला कागद आपोआप कुठे जातो?"

मेव्हणा त्याच दिवशी गेला. हेडक्लार्कची गणपतीची रजा रद्द झाली. मला इतका आनंद झाला की त्या दुपारी दोनदा जेवलो.

गणेशचतुर्थीला मी सुटीचा दिवस बिनपगारी घरी काढला. दुसऱ्या दिवशी आईने केलेले मोदक घेऊन कचेरीत आलो. हेडक्लार्क एकटाच फायलींत डोकं घालून बसला होता. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"घ्या, तुमच्या घरी आज आरतीला कोण आहे?"

त्याने मोदक घेतला. खाताना त्याचे डोळे भरून आले होते. मी समोर उभा राहून तो संपेपर्यंत बघत राहिलो.