जाहिरातीतला तिसरा हिस्सा

इतकी वर्षं जाहिरातीचं काम केलं, तर कोणती जाहिरात चालते ते सांगा, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, बाप्पा, मला नका विचारू. एकदाच छातीठोक ठरवलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मला अजून धड उलगडलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या मालकांचा चंद्रपुरात चहाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, सुटी पत्ती मागवायची, मिसळायची आणि लहान लहान पुड्यांत भरून विकायची. जाहिरातीचा माणूस मी एकटा. टेबल एक, खुर्ची दीड म्हणायला हरकत नाही, कारण दुसरीचा पाय मोडका होता.

पावसाळ्याचे तीन महिने आमचे मंदीचे. धानाच्या रोवण्यात लोकांचा हातचा पैसा संपलेला, नाल्यांना पूर, अर्ध्या गावांना गाडीच पोचत नाही. त्या वर्षी तर गोदामात पेट्या छतापर्यंत गेल्या. मालकांनी बोलावलं आणि बसा न म्हणताच सांगितलं, "या तीन महिन्यांत जाहिरातीतला तिसरा हिस्सा कापा. काय ठेवाचं, काय कापाचं, तुमी ठरवा. विक्री कुठून येऊन राह्यली ते पाहा आन् मले सांगा."

एवढं सोपं होतं म्हणे!

आमच्या जाहिराती चारच. नागपूरच्या वर्तमानपत्रात आठवड्याला एक चौकट. टॉकीजमध्ये सिनेमाआधी दाखवायच्या काचा, म्हणजे स्लाइड. हिवाळ्यातल्या झाडीपट्टीच्या नाटकांसाठी आमच्या पुड्याचं चित्र असलेला पडदा. आणि चौथी म्हणजे बाई.

बाई सावली गावाजवळच्या खेड्यातली. नवरा धानाच्या बांधीत मजुरी करायचा, मुलगी चंद्रपुरात नर्सिंग शिकत होती आणि तिच्या वसतिगृहाचा खर्च बाईच्या रोजीतून निघत होता. सावलीपासून वडशापर्यंतच्या आठवडी बाजारांत आमची भाड्याची जीप जायची. बाई स्टोव्ह पेटवायची, आमची पत्ती उकळायची आणि लहान ग्लासांत फुकट चहा वाटायची. भोंगा दिला होता, पण तिच्या आवाजापुढे त्याची काय बिशाद! "काऊन गा, सासऱ्याच्या घरी बसल्यासारखा लाजून काऊन राह्यला? घे न!" असं म्हटलं की भलाभला गडी ग्लास उचलायचा.

मी तीन दिवस विक्रीची वही घेऊन बसलो. वर्तमानपत्राला हात लावला तर वर्षाचा करार मोडणार, आणि मग सवलतीत छापून झालेल्या जुन्या चौकटींचाही पूर्ण दर द्यावा लागणार. म्हणजे वाचवायला जाऊन खड्ड्यात. शिवाय मालकांचे सासरे नागपूरला तोच पेपर वाचायचे, हे कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. नाटकाच्या पडद्याची आगाऊ रक्कम पावसाळ्यातच द्यायची असते. आपण सोडला तर दुसरा चहावाला टपलेलाच, आणि मग अख्खा हिवाळा त्याचा. काचा बंद करायला महिन्याची सूचना पुरे. आणि बाईशी तर कागदच नव्हता. रोजची रोजी, जीपही रोजाची.

तरी मी वही पाहिलीच. वडशाचा ठोक व्यापारी सगळ्यांत वर. बाईच्या बाजारांच्या गावांपुढे मात्र जवळजवळ कोरं. वडसा म्हणजे नाटकांचं गाव, तेव्हा ही विक्री पडद्याची, असं मी मानलं. मनाला बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू, लहानपणी घोंगडीवर बसून रात्र रात्र नाटकं पाहिलेला माणूस मी. पडद्यावर आमचा पुडा झळकला की माझाच सत्कार झाल्यासारखं वाटायचं.

पडदा आणि पेपर ठेवला. काचा आणि बाई कापली. तिसऱ्या हिश्शाचा मेळ बरोबर बसला.

सांगायला सावलीच्या बाजारात मीच गेलो. चिखल घोट्यापर्यंत. बाईनं आधी ग्लास हातात दिला, मग ऐकून घेतलं.

"माह्या चहानं विक्री नाई होत काय जी?" तिनं विचारलं.

"वहीत दिसत नाही, बाई."

"वही बजारात येते काय?"

दिवाळीनंतर पाहू, असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "पोरीचं शेवटचं वर्ष हाये, साहेब." मग तिनं स्टोव्ह विझवला आणि ग्लास विसळून पेटीत भरले. एकही फुटू नये म्हणून मध्ये मध्ये कागद घातले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

हिवाळा आला. पडदा काय सुंदर रंगवला होता! मी पुढच्या रांगेत बसून नाटक कमी आणि पडदाच जास्त पाहिला. धान निघाल्यावर विक्री दरवर्षी वाढते तशी वाढली, पण आदल्या हिवाळ्याइतकी नाही. पडदा कमी पडला, की पिकानं हात दिला नाही, की काचा बंद केल्याचं हे फळ? मालक विचारत, "काऊन?" आणि मी रोज वेगळं कारण सांगायचो. माझं मलाच पटत नव्हतं.

शेवटी वडशाच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं मला खुळ्यात काढलं. "अजी, मी काय वडशात विकतो तुमचा माल? खेड्याखेड्यातले किराणावाले माह्याकडून नेतात. बजारात बाई चहा पाजे, मंग गिऱ्हाईक त्यायले मांगे, आन् ते माह्याकडे येत. आता ते दुसराच पुडा मांगून राह्यले."

म्हणजे खेड्यांतली विक्री माझ्या वहीत वडशाच्या नावावर बसली होती, आणि मी तिचा हार पडद्याच्या गळ्यात घातला होता. तरीही पेपर चुकीचा होता की पडदा, हे मला त्या दिवशीही नक्की सांगता आलं नसतं. एवढंच कळलं, की ज्यांच्याशी कागद होता त्यांनाच मी जपलं होतं.

मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जा, बाईले घेऊन या. रोजी वाढवून द्या."

सावलीच्या बाजारात बाई होती. तिच्याच स्टोव्हवर, तिच्याच फळीवर, आणि आता चहाला पैसे पडत होते. माणसं दाटीनं उभी. मी पाहत असतानाच शेजारच्या किराण्याच्या पालात एक म्हातारी आली आणि म्हणाली, "बाईचा चहा दे गा." दुकानदारानं न विचारता एक पुडा पुढे केला. पुडा आमचा नव्हता. बाईच्या फळीवरही तोच होता.

आमच्या पुड्याचं नाव त्या म्हातारीला कधी ठाऊकच नसावं. बाई जो उकळेल तो बाईचा चहा. मी सहा महिन्यांपूर्वी नेमकं तेच कापलं होतं.

मी निरोप सांगितला, वाढीव रोजीही सांगितली. बाईनं चहा गाळता गाळता मान हलवली.

"पोरगी पास झाली जी," ती म्हणाली. "या फळीवरच झाली. आता हे सोडून जीपीत नाई बसत मी. तुमची वही उद्या काही बी सांगन."

रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नेहमीसारखा ग्लास माझ्या हातात दिला. चहा चांगला होता, आमच्यापेक्षा चांगला. पिऊन झाल्यावर मी खिशात हात घातला.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "तुमच्याकडून काय घेऊ? आपून तं फुकटच वाटत होतो न."