लांडग्याच्या डोळ्याभोवतीचं खळं

बीडमध्ये माझं टीव्ही विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. पिक्चर ट्यूबच्या काळात मी या धंद्यात शिरलो. टीव्ही दुरुस्त करून आयुष्य गेलं, पण एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला जे शिकवलं ते त्यापूर्वी कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ही हकीकत.

चकलांब्याकडच्या एका मेंढपाळ घरात मी पंचावन्न इंचांचा टीव्ही दिला होता. घरातला मुलगा पुण्याला नोकरीला होता. बापासाठी त्यानं तो घेतला होता. बापाचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता मेंढरं थोरला मुलगा बघायचा आणि आबा घरी बाजेवर बसून टीव्ही बघायचे. त्यांना मालिका आवडत नव्हत्या, बातम्याही नाहीत. त्यांना हवी असायची फक्त जनावरं. जंगलातले वाघ, तरस, लांडगे.

टीव्ही लावून पंधरा दिवसही झाले नसतील, थोरल्या सुनेचा फोन आला.

"भाऊ, टीवी खराब निघाला बघा. आबा म्हन्तेत, लांडग्याच्या डोळ्याला खळं पडतंय."

"खळं?"

"चंद्राला पडतंय ना, तसं. फोटो धाडते."

फोटो आला. काळ्याकुट्ट पडद्यावर लांडग्याचे दोन चमकते डोळे, आणि भोवती करडा उजेड पसरलेला. फोटो बघितल्याबरोबर मला कळलं. मोबाइलचा कॅमेरा अंधारात असा उजेड वाढवून दाखवतो, पण मूळ गोष्ट खरी होती. हा बिघाड नव्हता, त्या जातीच्या टीव्हीचा स्वभावच होता. तसं फोनवर सांगून भागलं असतं, पण त्या आठवड्यात गेवराईकडं एक काम होतंच, म्हणून गेलो.

दुपारची वेळ होती. सुनेनं खिडकीला गोधडी लावून खोलीत अंधार केला होता. आबा बाजेवर बसलेले, पटका बाजूला ठेवलेला. मला बघून म्हणाले, "या इंजिनेर. तुमचा लांडगा बघा. मी खरा लांडगा लई येळा बघितलाय. बॅटरी मारली की डोळे निखाऱ्यागत दिसतेत, पन भवती उजेड नसतो. ह्याला कावून हाय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. हा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागं बारीक बारीक दिवे असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवतो किंवा सोडतो. काळं दाखवायचं असेल तिथं तो अडवतो, पण पुरता अडवत नाही, थोडा उजेड झिरपतोच. म्हणून साध्या टीव्हीत काळं हे काळं नसतं, करडं असतं. यावर कंपन्यांनी तोड काढली. मागच्या दिव्यांचे वाफे पाडले. चित्रात जिथं अंधार, तिथल्या वाफ्याचे दिवे मंद करायचे किंवा विझवायचे. त्याला लोकल डिमिंग म्हणतात. पण पडद्यावरचे ठिपके लाखोंनी आणि वाफे मात्र मोजकेच. लांडग्याचा डोळा असतो हरभऱ्याएवढा, आणि तो दाखवायला मागचा ताटाएवढा वाफा पेटवावा लागतो. डोळ्याभोवतीच्या काळ्या भागामागंही मग उजेड असतो, शेजारच्या वाफ्यातही थोडा सांडतो, आणि तो झिरपून पुढं येतो.

आबांनी खुंटीवरचं घोंगडं काढून माझ्यापुढं धरलं. "म्हंजी ह्याच्या मागं बॅटरी लावल्यागत."

मी मोबाइलची बॅटरी पेटवून घोंगड्यामागं धरली. विणीतून उजेडाचा गोल दिसला.

"मंग ह्यात बिघाड न्हाई?"

"नाही आबा. बनावटच तशी आहे."

त्यांची बाज पडद्याच्या एका अंगाला होती. अशा पडद्यावर तिरकं बघितलं की खळं जास्त दिसतं. मी आणि सुनेनं बाज उचलून बरोबर समोर आणली. डिमिंग कमी करून दिलं. काळा रंग जरा फिकटला, पण डोळ्याभोवतीचा उजेड उठून दिसेनासा झाला. सून म्हणाली, "आता खळं लई बारीक दिसतंय."

आबा म्हणाले, "मला हाय तसंच दिसतंय."

मला पुढं जायची घाई होती. मी म्हणालो, "नवीन आहे आबा, सवय होईल." चहा पिऊन निघालो. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना नेहमी म्हणायचो, आणि बऱ्याचदा ते खरंही ठरायचं.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी सुनेचा आवाज ओशाळलेला होता. "भाऊ, आबांनी टीवी बघनं सोडलं. म्हन्तेत, फसवलं आपल्याला. येक डाव येऊन त्यांच्यासमोर बोला."

फसवलं हा शब्द मला लागला. पडदाच बदलून द्यावा लागला तर कंपनीपुढं काहीतरी दाखवता यावं, म्हणून मी पेनड्राइव्हवर तपासणीचं चित्र घेतलं. काळा पडदा, आणि मधोमध काड्यापेटीएवढा पांढरा चौकोन. मनात राग होता. म्हटलं, आज म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत सिद्ध करून दाखवतो.

पुन्हा गोधडी लावली. पांढरा चौकोन पडद्यावर आणला. आधी डिमिंग पूर्ण चढवलं. चौकोनाभोवती मला आणि सुनेला करडी झाक दिसली, बाकी पडदा गडद काळा. मग डिमिंग बंदच केलं. आता मागचे सगळे दिवे सारखे पेटलेले. सबंध पडदा एकसारखा करडा झाला, आणि चौकोनाभोवतीचं खळं गेलं. जाणारच होतं. सगळीकडं सारखाच उजेड झिरपत असेल तर खळं वेगळं दिसणार कुठून?

"बघा आबा. गेलं का?"

"न्हाई."

"ताई, तुम्हाला दिसतंय का?"

"न्हाई बा. सगळं सारखंच दिसतंय."

आबा शांतपणे म्हणाले, "मला दिसतंय. मी खोटं कशाला बोलू?"

मी त्यांच्या शेजारी बाजेवर बसलो. माणूस खोटं बोलत नाही आणि टीव्हीही खोटं दाखवत नाही, मग खळं आहे तरी कुठं? तेव्हा मला एक गोष्ट सुचली. खळं पडद्यावर असेल तर मधला चौकोन झाकला तरी भोवतीची झाक राहायला हवी. आधी स्वतःवर करून बघितलं. डिमिंग परत चढवलं, एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठ्यानं चौकोन झाकला. अंगठ्याच्या चारी बाजूंनी करडी झाक दिसत राहिली. ती पडद्यावरचीच होती. मग डिमिंग बंद केलं.

"आबा, डावा डोळा मिटा. अंगठा असा लांब धरा आन् तो पांढरा चौकोन झाका. झाकला? आता सांगा, खळं हाय का गेलं?"

त्यांनी अंगठा हलवून नीट धरला.

"गेलं."

"अंगठा काढा."

"आलं."

"परत झाका."

"गेलं की."

चौकोनाचा उजेड डोळ्यात शिरायचा थांबला की खळंही जात होतं. म्हणजे ते पडद्यावर नव्हतंच. ते डोळ्यात तयार होत होतं. दुसऱ्या डोळ्यानं करून बघितलं. तिथंही तसंच, पण कमी.

मी विचारलं, "आबा, समोरून मोटारसायकल आली तर दिव्याला काय दिसतं?"

"खळं दिसतं. सगळा रस्ताच पांढरा होतो. म्हातारपनी दिसायचंच." मग म्हणाले, "म्हनून दिवस मावळला की मी भाहीर जात न्हाई."

सून त्यांच्याकडं बघत राहिली. "आबा, तुमी तर म्हनला हुता गुडघे दुखतेत."

आबांनी पटका उचलला आणि उगीच त्याची घडी घालत बसले.

मी डॉक्टर नाही. एवढंच म्हणालो, की टीव्हीला त्याचं खळं आहे आणि तुम्हालाही एक आहे, दोन्ही एकमेकांत मिसळलीत. डोळे दाखवा. निघताना डिमिंग परत चढवून ठेवलं. परत येताना गाडीत मला आधीची भेट आठवत होती. "मला हाय तसंच दिसतंय," असं त्यांनी तेव्हाच सरळ सांगितलं होतं. डिमिंग कमी केल्यावर सुनेला फरक दिसला आणि त्यांना दिसला नाही, इथंच मी थांबून विचार करायला हवा होता. मी मशीन बरोबर असल्याचं बघितलं आणि माणसाला सवय लावून घ्यायला सांगितलं. दोन महिने गेले.

त्या आठवड्यात थोरला मुलगा त्यांना बीडला घेऊन आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यात पिकलेला, डाव्यात कोवळा. उजव्याचं ऑपरेशन लगेच झालं. मी दवाखान्यात भेटून आलो. डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी माझ्या आवाजावरून मला ओळखलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "हा टीवीचा इंजिनेर. ह्यानंच माझा डोळा तपासला." डॉक्टरीणबाई हसल्या. मला मात्र कसंनुसं झालं.

महिन्या-दीड महिन्यानं त्यांचा स्वतःचाच फोन आला.

"इंजिनेर, तुमच्या टीवीत खोट हाय."

"आता काय झालं आबा?"

"खळं गोल न्हाई, चौकोनी हाय! लांडगा चालाय लागला की डोळे सरळ जातेत आन् उजेड टप्प्याटप्प्यानं मागून येतोय. ह्या खणातून त्या खणात."

मी हसलो, आणि मला फार बरंही वाटलं. लांडगा एका वाफ्यातून दुसऱ्यात गेला की मागचे दिवे विझतात आणि पुढचे पेटतात. तो टप्पा बारकाईनं बघणाऱ्यालाच दिसतो. दुकानात तरण्या गिऱ्हाइकांना दाखवूनही तो पटकन दिसत नाही. नव्या डोळ्यानं आबांनी तो एकट्यानं पकडला होता.

फोनवरच मी सुनेला रिमोट घ्यायला सांगितला. डिमिंग पूर्ण चढवलं तर काळं छान होतं, पण आभाळातल्या बारीक चांदण्याही विझतात, कारण तेवढ्या ठिपक्यासाठी दिवे पुरेसे पेटत नाहीत. कमी केलं तर खळं बुजतं, पण अंधार करडा होतो. दोन्ही एकदम मिळत नाही. आबांनी कमी, मधलं आणि पूर्ण अशा तिन्ही तऱ्हा लावून घेतल्या, प्रत्येक वेळी बराच वेळ बघितलं.

"मधलं ऱ्हाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "चांदन्या बी ऱ्हातेत आन् अंधार बी."

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती. त्या दिवशी बीडला आल्यावर दुकानात येतो, तुमचे बाकीचे टीव्ही बघायचेत, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.